दहा जेवणं

विमा कंपनीने सलग मजकुरातलं बिल परत धाडलं, म्हणून हॉस्पिटलातले बिलिंगचे काका त्याचा तक्ता करत होते. खाट: पाच दिवस, दर बाराशे, सहा हजार. ऑक्सिजन: तीन दिवस, दर आठशे, दोन हजार चारशे. जेवण: दहा, दर शंभर, एक हजार. एकूण नऊ हजार चारशे.

काकांनी चष्मा वर करून समोर बसलेल्या पेशंटच्या मुलीकडे पाहिलं. "ताई, वडील जाईपर्यंत अन्नाच्या नळीवर होते. मग जेवलं कोण? ही ओळ दिसली तर कंपनी सगळंच अडवेल. काढतो."

"मी जेवले, काका. ताट आलं की बाबा 'तू जेव' म्हणून डोळ्यांनीच दटावायचे."

काकांनी ओळ कंपनीच्या तक्त्यातून काढली. एकूण आठ हजार चारशे झाले. खाली वेगळा तक्ता आखला: सोबतीचं जेवण, दहा, शंभर, एक हजार.

"हे मी भरते," ती म्हणाली. "बाबांनी वाढलेलं आहे."