पानाला कुलूप

पूर्णिमाताईंचा योगवर्ग कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर भरतो. तिथे येणाऱ्या बायका वजन उतरवायला येत नाहीत. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर खांदा आखडतो, काखेतल्या गाठी काढल्यामुळे हाताला सूज चढते, केसांवरून फणी फिरवणंही जड जातं. अशा बायकांचा हात पुन्हा वर नेणं, एवढंच ताईंचं काम. बोलण्यात त्या तुसड्या, पण हात धरतील तर फुलासारखा.

या वर्गाची वेबसाइट करायचं काम सृष्टीकडे आलं. मूळची अकोल्याची, खराडीतल्या कंपनीत चार वर्षं काढून आता घरूनच कामं घेणारी. मागणी साधी होती: बाहेरगावच्या बायकांनी तीन महिन्यांची फी भरायची, त्यांना लॉगिन मिळेल आणि आठवड्याला एक धडा उघडेल. धडे फक्त मेंबरना दिसायला हवेत.

"फक्त म्हणजे फक्त," ताई म्हणाल्या होत्या. "माझ्या बायका इथे कशा उभ्या राहतात ते तू बघितलंयस."

सृष्टीनं बघितलं होतं. खांदा आणि छाती कशी हलते ते दिसावं म्हणून वर्गात अंगालगत टी-शर्ट घालायचा, आत कापसाचं पॅड भरायचं नाही, असा नियम होता. बाहेर कितीही सावरून वागणारी बाई तिथे आहे तशी उभी राहायची.

दुसऱ्या आठवड्याच्या धड्यासाठी शकूमावशी तयार झाल्या. खराडी गावठाणातल्या, दोन बस बदलून येणाऱ्या, बावन्न वर्षांच्या. भिंतीवर बोटांनी इंच इंच चढत हात वर न्यायचा व्यायाम त्यांच्याइतका कुणालाच जमत नव्हता. पण भावकीला त्यांनी गर्भाची पिशवी काढली असं सांगितलं होतं. पिशवी काय, प्रत्येक घरात कुणाची ना कुणाची काढलेली असते, कुणी पुन्हा विचारत नाही. खरं नवऱ्याला ठाऊक होतं आणि या वर्गाला.

"आमच्या लोकांस्नी दिसनार नाय ना?" त्यांनी सृष्टीलाच विचारलं.

सृष्टीनं लॉगिन न करता आपल्या फोनवर पहिल्या धड्याचं पान उघडून दाखवलं. कुलपाचं चित्र आणि खाली 'हा धडा फक्त मेंबरसाठी'. मावशींनी ते नीट निरखलं, पदराची पिन काढून खुर्चीवर ठेवली आणि टी-शर्ट घालायला आत गेल्या.

आता चूक कुठे झाली ते सांगायला हवं, कारण ती मूर्खपणाची नव्हती. मूर्खपणाची असती तर सृष्टीला पचवणं सोपं गेलं असतं. व्हिडिओ ठेवायला तिनं एक वेगळी सेवा ठरवली होती. तिथे प्रत्येक मेंबरला काही मिनिटांपुरतीच चालणारी लिंक मिळते, मग ती आपोआप बंद होते. त्या सेवेचं खातं मंजूर व्हायला आठवडा लागणार होता आणि ताईंनी तर बायकांना तारीख देऊन टाकली होती. म्हणून सृष्टीनं व्हिडिओ तात्पुरते साइटच्याच फोल्डरमध्ये टाकले. मेंबरशिपचं कुलूप लागलं ते पानाला. पानावर चालणाऱ्या व्हिडिओच्या फाइलला तिचा स्वतःचा पत्ता असतो आणि तो पत्ता थेट उघडला तर सर्व्हर कुणालाही काही न विचारता फाइल देऊन मोकळा होतो. तिनं लॉगआउट करून प्रत्येक पान तपासलं. फाइलचा पत्ता एकदाही तपासला नाही. खातं मंजूर झालं तोवर दुसरं काम अंगावर आलं होतं आणि साइट तर सुरळीत चालली होती. तात्पुरतं ते तसंच राहिलं.

अडीच महिन्यांनी ताईंचा फोन आला. आवाज बसलेला. शकूचा व्हिडिओ तिच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय, चुलतदीर हिंदुरावांनी वर हसण्याची चित्रं टाकून नाही नाही ते लिहिलंय, त्याचे फोटो वर्गातल्या बायकांपर्यंतही पोचलेत, शकू दोन आठवडे वर्गाला आलेली नाही.

सृष्टीनं सर्व्हरची नोंदवही उघडली. एक व्हिडिओ बघताना ब्राउझर तो तुकड्यातुकड्यांनी मागतो, म्हणून तिनं मागण्या सोडून मागणाऱ्या फोन-कॉम्प्युटरचे वेगवेगळे पत्ते मोजले. मेंबर चौतीस. ती एक फाइल मागणारे पत्ते दोनशे अठरा. तिनं तासाभरात सगळे व्हिडिओ नव्या सेवेवर हलवले, जुनं फोल्डर रिकामं केलं आणि मावशींचा धडा पुसूनच टाकला. हे सगळं खातं मंजूर झालं त्या दिवशीही तासाभराचंच काम होतं.

ताईंनी मेंबरना विचारल्यावर पहिली लिंक कुणी पाठवली तेही कळलं. ओवी नावाच्या मेंबरनं व्हिडिओवर बोट दाबून पत्ता कॉपी केला आणि लातूरच्या बहिणीला पाठवला. बहिणीचंही तेच ऑपरेशन झालं होतं, तिला लॉगिन जमत नव्हतं. बहिणीनं तो आणखी दोघींना दिला. तिथून पुढे पाय फुटले.

"ओवीला काढते मी," ताई म्हणाल्या. "सगळ्यांना कळवते, एका मेंबरनं विश्वासघात केला. तू काही बोलू नकोस. वर्ग मोडेल माझा."

"ताई, तिनं कुलूप तोडलं नाही. मी लावलंच नव्हतं."

"ते मला कळलं. पण शकूला कळून काय मिळणार आहे? आणखी एक माणूस कमी होईल तिचं."

सृष्टीला त्या क्षणी गप्प बसावंसं वाटलं, अगदी मनापासून. ते वाटलं याचीच तिला जास्त लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटर काढून खराडी गावठाणात गेली.

दार मावशींनीच उघडलं. घरात एकट्या होत्या, तरी शाल पांघरलेली. त्यांनी चहा टाकला. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता. मावशींचा डावा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मनगट सुजून चकाकत होतं. सृष्टीनं उठून डबा काढून दिला.

मग तिनं सगळं सांगितलं. फोल्डर, पत्ता, तात्पुरतं. ओवीचा दोष नाही हेही सांगितलं.

"त्या लातूरच्या बाईचा हात जातो का वर?" मावशींनी शेवटी विचारलं.

"जातो, असं ओवी म्हणाली."

"बरं झालं."

"मावशी, तुम्ही वर्गाला चला. सूज वाढतेय."

"न्हाय. वर्गातल्या समद्यांनी बघितलंय, माज्यावर काय लिवलंय ते. त्या कीव करत्याल. भावकी हसती ते एक परवडलं."

"मग घरी करा. मी तुम्हाला लॉगिन देते. आता पक्कं आहे सगळं, मी स्वतः तपासलंय. पहिल्यापासून धडे लावते. दुसऱ्या आठवड्याचा, तो भिंतीचा, तोच तुम्हाला आत्ता..."

सृष्टी बोलता बोलता थांबली. मावशींनी कप खाली ठेवला.

"त्यात मीच व्हते ना," त्या म्हणाल्या. "आन् तो तर तू पुसला म्हनतीस."

सृष्टीनं मान हलवली.

"आन् भावकीच्या फोनात?"

"तिथून मला नाही काढता येत."

मावशींनी दोन्ही कप उचलले, दोन्ही उजव्याच हातात, आणि मोरीकडे गेल्या.