खिडकीखालचा पाळणा

लोक पडदे निवडताना रंग आधी विचारतात आणि खोलीत झोपतं कोण, हे मी विचारेपर्यंत सांगत नाहीत. बारा वर्षं घरोघरी पडदे बसवतेय, त्यामुळे आता मी दारातच विचारते.

दार उघडणाऱ्या नवऱ्याने उत्साहाने सांगितलं, "झेब्रा पडदाच बघायचाय. मित्राकडे पाहिला, एकदम झकास दिसतो."

"झोपतं कोण?"

"बायको. नर्स आहे, नाईट ड्युटी. दिवसा झोपते." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे, झोपायला जाते."

ती बेडरूमच्या दारात उभी होती. केस अर्धे सुटलेले, डोळे सुजलेले. तिने मला पाणी विचारलं आणि आणायला विसरली. मग आपणहूनच सांगून टाकलं. काल पहाटे एका पेशंटचं इंजेक्शन ती दुसऱ्याला देणार होती. सोबतच्या सिस्टरने हात धरला म्हणून निभावलं. "असंच चाललं तर मी नोकरी सोडणार आहे," ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, त्यामुळे मला ते खरं वाटलं.

खोली लहान. एका भिंतीत मोठी खिडकी, समोर ऊन. एकुलता एक अंधारा कोपरा दाराजवळ होता. तिथे पूर्वी पाळणा असायचा, लाकडी गजांचा. नर्सला झोप लागावी म्हणून पलंग कोपऱ्यात सरकवला आणि पाळणा खिडकीखाली आला. पाळण्यात त्यांची लेक ढमी उभी होती. दीड वर्षाची, नावाला शोभेल अशी गुटगुटीत.

खिडकीवर जुना व्हेनेशियन होता, आडव्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा. अर्धा वर ओढलेला.

"हाच चांगलाय," नर्सच्या सासूबाई मागून म्हणाल्या. त्या हातात जुना मोजा घालून आल्या होत्या, पट्ट्या पुसायला. "पट्टी तिरकी केली की हवा तेवढा उजेड, वारासुद्धा. तुमच्या त्या झेब्रात काय आहे?"

मी झेब्राचा नमुना उघडला. एक पट्टा पारदर्शक, एक जाड, असं दुहेरी कापड. जाड पट्टे एकमेकांसमोर आणले की उजेड गाळून येतो, एकाआड एक आणले की खोली बंद. "बंद म्हणजे?" नर्सने विचारलं. मी नमुना खिडकीसमोर धरला. पट्ट्यांच्या कडांमधून उजेडाच्या बारीक रेघा उतरल्या. "संध्याकाळी टीव्ही बघायला सुरेख," मी म्हणाले. "भर दुपारी झोपायला नाही. शिवाय याला मण्यांची साखळी असते, गोल. ती भिंतीवर ताणून पक्की बसवली नाही तर तो लोंबता फासच." नवऱ्याचा चेहरा पडला. माझा इलाज नव्हता.

"बघा, मी सांगत होते," सासूबाई खुशीत आल्या. "आमच्या पट्ट्या पूर्ण मिटतात."

"मिटतात. पण प्रत्येक पट्टीला दोरीची भोकं असतात. तिथून उजेडाचे ठिपके पडतात, कडेनेही येतो. आणि या सगळ्या पट्ट्या रोज पुसायच्या."

"मी पुसते ना."

ते खरं होतं. पट्ट्या चकाकत होत्या. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला, कारण इतकं जपलेलं काढायला लावणं फार अवघड जातं.

तेवढ्यात ढमीने वाकून काहीतरी ओढलं. पट्ट्या खुळखुळल्या. व्हेनेशियन वर ओढायची दोरी खिडकीवरून खाली येऊन पाळण्याच्या वरच्या दांडीला गाठ मारून बांधलेली होती. त्यातला सैल भाग पाळण्याच्या आत पडला होता. ढमीने तो दोन्ही हातांनी धरला, हसली आणि डोक्यावरून घेतला. आता तो तिच्या हनुवटीखाली होता.

मी दोन पावलांत गेले, दोरी तिच्या डोक्यावरून काढली आणि तिला उचलून आईच्या हातात दिली. या कामात मला एवढ्याच गोष्टीची भीती वाटते.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"दोरी पाळण्याला कोणी बांधली?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "दोरी अडकवायचा वरचा खटका गेलाय, पडदा वर टिकत नाही. पाळण्यावरून वाकून रोज कुठे धरून ठेवू? आणि लोंबती दोरी वाईट असते, म्हणून तर बांधली. आता लोंबतेय कुठे?"

"बांधली म्हणूनच फास झाला, आजी. सुटी दोरीसुद्धा वाईटच, पण ही दोन्हीकडून पक्की. पोरीचा पाय घसरला असता तर ही सुटली नसती."

सासूबाईंनी हातातला मोजा काढला, घडी केली आणि पलंगावर ठेवला. मग स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. त्या कात्री घेऊन आल्या आणि गाठीच्या वर दोरी कापली. पडदा खडखडत खाली कोसळला. ढमी दचकून रडायला लागली. नर्स तिला छातीशी घट्ट धरून पलंगाच्या काठावर बसली.

"काढा हे," सासूबाई मला म्हणाल्या.

मी पडदा उतरवला, आणि दुपारचं ऊन सगळ्या खोलीत शिरलं. नर्सने डोळे गच्च मिटले.

माझ्या गाडीत दुकानातला एक हनीकोम्ब पडदा होता, मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ घरांचा, काळ्या अस्तराचा, प्रदर्शनातून काढलेला. या खिडकीपेक्षा चांगला वीतभर जास्त रुंद. तो मी आणला. नवऱ्याने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही तो चौकटीच्या बाहेर, भिंतीलाच टेकवला. "चौकटीच्या आत बसवला की कडांना उजेडाची फट राहते," मी सांगितलं, "म्हणून बाहेरून, चौकट झाकेल असा. आणि दोरी नाही. खालची दांडी धरून ओढायची, सोडली की तिथेच थांबते." मी एका हाताने दांडी खाली ओढली. खोली काळोखी झाली.

"आणि याची धूळ?" अंधारातून सासूबाईंचा आवाज आला. हरणं त्यांना मान्य नव्हतं, आणि मला ते आवडलं.

"वरून ब्रशने, नाहीतर व्हॅक्यूमने. पण कापडाच्या या पोकळ घरांमध्ये किडे शिरतात, खोटं सांगत नाही. केस वाळवायचं यंत्र थंड वाऱ्यावर ठेवून एका बाजूने फुंकायचं. पाण्यात मात्र बुडवायचा नाही. तुमच्या पट्ट्यांसारखा लखलखीत होणार नाही."

ढमीचं रडणं थांबलं होतं. दारातून येणाऱ्या अंधुक उजेडात मी मान वळवून पाहिलं. नर्स तशीच कुशीवर कलंडली होती, पाय खाली, ढमी छातीशी. दोघींचा श्वास संथ चालला होता.

"झोपली?" नवरा कुजबुजला. मी पडदा सोडायला निघाले, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"सोडू नका."

तेवढ्यात नवऱ्याच्या खिशातला फोन घरघरला. तो चमकला, पण हात मोकळा नव्हता. सासूबाई पुढे झाल्या, त्याला बाजूला सारलं आणि त्याचं टोक आपण धरलं. तो चवड्यांवर बाहेर गेला.

आम्ही दोघी खिडकीशी, हात वर करून उभ्या. माझ्या खांद्यात कळ यायला लागली. त्यांच्या तर आली असणारच, वय बघता. खाली घ्यायचा का, असं मी खुणेने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"हाच टाका," थोड्या वेळाने त्या पुटपुटल्या. "आणि पाळणा तिकडे, दाराजवळ. पलंग इथे आला तरी चालेल ना आता?"

"चालेल."

"तिला मी रोज सांगायचे, मनात आणलं की झोप येते." त्यांनी पडदा थोडा आणखी उंच धरला. "उठू दे तिला. मग सोडू."