मागचा आवाज

दिवस मावळता मावळता, अहेरीच्या अलीकडे जंगलात, रस्त्यावर बांबू आडवे पडलेले दिसले. खुर्शीदने गाडी थांबवली. मूल गावात त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. उर्वशीबाईंच्या या नव्या गाडीच्या मागच्या बंपरला सेन्सर त्यानेच बसवले होते आणि आज त्यांना अहेरीला सोडायलाही तोच निघाला होता.

"सारते मी बांबू," म्हणत बाईंनी दार उघडलं. टिंग, टिंग, टिंग.

"राहू द्या बाई, मागं फिरू." खुर्शीदने रिव्हर्स गिअर टाकला.

बाईंनी दार ओढून घेतलं. टिंग-टिंग थांबली, पण आता मागून बारीक पीप... पीप... सुरू झाली.

"दार लागलं नाई वाटते." त्यांचा हात पुन्हा दाराकडे गेला.

"उघडू नोका. दाराची टिंग-टिंग असते. हे बंपरचं आहे, मागं काही असलं का वाजते."

"गवत असन."

"गवत असतं तं एकाच लयीत वाजलं असतं. आयका, जलद होऊन राह्यलं."

पीप-पीप-पीप. खुर्शीदचा पाय ब्रेकवर होता, गाडी तसूभरही हलली नव्हती. म्हणजे मागचं जे काही होतं, तेच जवळ येत होतं. आरशात रस्ता रिकामा होता. मागच्या काचेखालचं दिसत नव्हतं. पीप सलग झाली. आता हातभरही अंतर उरलं नव्हतं.

मग आवाज एकदम बंद झाला.

"गेलं ना?" बाई कुजबुजल्या. "उतरू आता?"

खुर्शीदने वाकून त्यांच्या दाराचं लॉक दाबलं.

"मागून गेलं बाई," तो हळूच म्हणाला. "बाजूले सेन्सर नाई लावले मी."