आवाज बावीसच्या पुढे नाही

पावसाळ्यात राफ्टिंग बंद असतं, त्यामुळे गणेशगुडीच्या आमच्या लॉजमध्ये चौदा खोल्या, चौदा टीव्ही आणि मी एवढेच उरतो. मी मेंटेनन्सवाला. एके दुपारी फार कंटाळा आला म्हणून चौदाही टीव्ही लावले. प्रत्येक टीव्ही आठ आवाजावर सुरू झाला, कारण तो तसाच सुरू होतो, मी लावलाय. आदल्या पाहुण्यानं कितीही वाढवून ठेवला असला तरी सकाळी आठच. आणि वीसच्या पुढे कुणाचंच चालत नाही. चौदा खोल्यांतून एकच बाई एकाच वेळी मला 'सुस्वागतम' म्हणाली. मी सगळ्यांना नमस्कार केला आणि बंद करत गेलो.

याच कलेमुळं मी यशवंतकाकांच्या घरात अडकलो.

काका-काकी आमच्या नंदिगड्ड्याच्या वाडीतले शेजारी, मधे फक्त एक शेत. तरुणपणी खाणीवर सुरुंग लावून काकांचे कान गेलेले. अनुसयाकाकींची झोप अशी, की माजघरातल्या पालीनं कूस बदलली तरी उठायच्या. काका पंचेचाळीसवर बातम्या लावायचे आणि तसाच टीव्ही बंद करून जेवायला जायचे. मग सकाळी काकींनी भजनाला बटण दाबलं की पंचेचाळीसचं भजन. एकदा त्यांच्या हातातली दुधाची चरवी थेट म्हशीपर्यंत गेली.

गेल्या दिवाळीत त्यांनी मला गाठलं.

"अमोल, तुझ्या लॉजातल्या टीव्ह्या बोंबलत न्हाईत म्हणं. काय करतोस?"

"हॉटेल मोड लावतो, काकी."

"मग आमच्यात बी लाव. ह्यांना सांगू नकोस."

काका शेतात होते. रिमोटची गुप्त बटणं मॉडेलप्रमाणे बदलतात, पण यांचा टीव्ही आमच्या लॉजमधल्यासारखाच होता, त्यामुळे हॉटेल मोडची यादी लगेच उघडली. जास्तीत जास्त आवाज बावीस, सुरू होतानाचा आवाज दहा. डिशच्या डब्याचा आवाज आधीच पुरा वाढवून ठेवला, म्हणजे तिकडून चोरवाट नको. टीव्ही बंद करून पुन्हा लावला. दहा. मग बोट दाबून धरलं. बावीसला आकडा असा थांबला, जसा नाक्यावर ट्रक.

संध्याकाळी काकांनी बटण दाबलं. बावीस. पुन्हा दाबलं. बावीस. रिमोट तळहातावर दोनदा आपटला.

"सेल गेलं."

"कमी होतंय न्हवं?" काकी म्हणाल्या. त्यांना गप्प बसवत नव्हतं.

"उतार हाय तिकडं. चढाला दम लागतोय त्येला."

त्या महिन्यात काकांनी तीनदा सेल बदलले. मग खुर्ची पुढं सरकवू लागले. संक्रांतीपर्यंत त्यांचे गुडघे टीव्हीच्या टेबलाला टेकले होते. तिथून ते कन्नड बातम्यांतली खालची पळती पट्टी वाचायचे, निवेदकाच्या नाकाला नाक लावून. काकी आत शांत झोपायच्या. कित्येक वर्षांनी. मला त्यांनी गुळाची ढेप दिली. लाचच ती, पण चांगली होती.

ज्येष्ठात काका गेले. खुर्चीतच, गुडघे टेबलाला टेकलेले. टीव्ही चालू होता, बावीसवर, त्यामुळे काकी उठल्या नाहीत.

दोन महिन्यांनी त्यांचा निरोप आला. मी गेलो तेव्हा टीव्हीवर चादर होती. खुर्ची मात्र तिथंच.

"ते काढ," काकी म्हणाल्या. "हाटेल."

"कशाला काकी? तुमचीच झोप..."

"झोप कुठं हाय? आता पालीला बी ऐकू येतोय माझा श्वास." त्या खुर्चीकडं बघत बोलत होत्या. "सारा जलम त्यो माणूस जोरात ऐकत आला. शेवटचं आठ म्हयनं मी त्येचा आवाज चोरला. चिटकून बसायचा शाळेतल्या पोरागत. मला वाटायचं, बरं हाय, झोप लागतीया. पंचेचाळीस कर. एकदा तरी लावून ठेवते."

"ऐकायला ते नाहीत."

"मला म्हाईत हाय ते न्हाईत, मुडद्या. तू लाव."

मी चादर काढली. त्यांच्या चेहऱ्याकडं बघत काम करणं अवघड होतं, म्हणून सगळं लक्ष बटणांवर दिलं. यादी उघडली. सुरू होतानाचा आवाज: दहा. जास्तीत जास्त आवाज: शंभर.

मी वाचलं. परत वाचलं. हा आकडा आपोआप बदलत नाही. टीव्ही आपोआप पूर्ववत झाला असता तर सुरुवातीचा दहाही गेला असता. कुणीतरी नेमकं एकच खोलून दुसरं ठेवलं होतं.

"काय झालं?"

"रेंज बघून येतो," म्हणालो. खोटं नव्हतं. रेंज आमच्या वाडीत फक्त फणसाखाली, एका दगडावर उभं राहिलं तरच येते. जोयड्यात टीव्ही दुरुस्त करणारा एकच वासू, त्याला फोन लावला.

"व्हय, म्हाताऱ्यानं टीव्ही आणला होता की," वासू म्हणाला. "माघात. काकी उळवीच्या जत्रंला गेल्या तेव्हा. गोधडीत गुंडाळून, बसमधून. शेजारच्या सीटवर ठेवला होता, कंडक्टरनं तिकीट मागितलं म्हणून भांडून आला."

"आणि?"

"म्हणाला रिमोट मेला. मी बघितलं तर लिमिट लावलेलं. मी म्हटलं, लॉजवाल्यांचं काम हाय, काढतो सगळं. तर म्हणाला, चालू होतानाचं दहा राहू दे, बायको दचकती. फक्त वरचं काढ. मी काढलं. पुढं म्हणाला, त्या दोघांना सांगू नको."

"मग आम्हाला का नाही कळलं?"

"आता त्यो बावीसच्या पुढं गेलाच नसल तर तुम्हाला कसं कळंल?"

दगडावरून उतरायला मला थोडा वेळ लागला.

आत आलो आणि काकींच्या समोर टीव्ही लावला. दहा. बटण दाबून धरलं. वीस, एकवीस, बावीस, तेवीस. तीसला सोडलं. निवेदक घर भरून बोलत होता.

"काढलंस?"

"मी नाही. काकांनी काढून आणलं होतं. तुम्ही उळवीला होता तेव्हा."

जे वासूनं सांगितलं ते सगळं सांगितलं, गोधडीसकट. काकींनी टीव्हीवरून काढलेली चादर उचलून घडी घातली. मग म्हणाल्या, "म्हणजे चालत हुतं?"

"चालत होतं."

"मग त्यो रिमोट का बडवायचा? शेवटपतोर बडवायचा की रोज. 'मेलंय, चढत न्हाई' म्हणून शिव्या घालायचा."

मी टीव्हीवरची धूळ बाहीनं पुसली.

"चार म्हयनं सोंग केलं," त्या म्हणाल्या. "नाटकात काम दिलं असतं तर एक शब्द पाठ झाला नसता त्येला." त्या हसल्या, मग पदर तोंडाला लावून बसल्या. निवेदक तीसवर कुठल्याशा धरणाची पातळी सांगत राहिला.

"काकी, पंचेचाळीस करू? सुरुवातीलाच पंचेचाळीस करता येईल."

"नको."

"मग मोड काढून टाकू? काहीच नको?"

"दहा राहू दे. ते त्येनं ठेवलंय. वरचं बी त्येनं ठेवलंय तसंच राहू दे." त्यांनी हात पुढं केला. "आण इकडं."

मी रिमोट दिला. त्या उठल्या आणि काकांच्या खुर्चीत बसल्या. गुडघे टेबलाला टेकले. टीव्ही बंद केला, पुन्हा लावला. दहा. मग एकेक बटण, सावकाश, मोजत वर गेल्या. बावीसला अंगठा उचलला. काही अडवत नव्हतं.

क्षणभर थांबून त्यांनी रिमोट तळहातावर दोनदा आपटला.

"सेल गेलं," त्या टीव्हीला म्हणाल्या.