सरांच्या मार्गदर्शनाखाली

पोस्ट चार ओळींची, पण संघमित्राने ती दहा वेळा खोडली. पाइपच्या कारखान्यात ती गुणवत्ता तपासायची. सदोष माल कमी कसा करावा याची, सिक्स सिग्मा ग्रीन बेल्टची परीक्षा ती पास झाली होती. लिंक्डइनवर सांगायचं, पण मिरवल्यासारखं वाटायला नको. शेवटी तिने लिहिलं, ‘हितेंद्र सरांच्या मार्गदर्शनाखाली हे छोटंसं यश मिळालं. शिकणं चालूच आहे.’ सरांना टॅगही केलं.

सरांनी मार्गदर्शन म्हणून काय केलं होतं, तर परीक्षेच्या दिवशी रजा नाकारली होती. बाजूच्या टेबलावरच्या दिपमालाने कामाची पाळी बदलून दिली म्हणून निभावलं. पण साहेबाचं नाव घालायचं, अशी ऑफिसची रीतच.

दुपारी मुख्यालयाच्या मृणाली मॅडमची कमेंट आली, ‘हितेंद्र, अभिनंदन! धुळ्याच्या प्लांटचं सुधारणेचं काम तुम्हीच सांभाळा.’

संघमित्राने कमेंट पुन्हा वाचली. त्या कामासाठीच तर तिने वर्षभर अभ्यास केला होता. खाली सरांनी जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकून लिहिलं होतं, ‘टीमला घडवणं माझं कर्तव्यच.’ घ्या! आयत्या बिळावर नागोबा, आणि बीळ हिनेच खणून दिलेलं.

घरी असोद्याला तिचं जेवणात लक्ष लागेना. ती सारखी उठत होती, बसत होती, मोबाइल उघडत होती. आई, रुक्माबाई, म्हणाली, “काय शे एवढं त्यात? वाच बरं.” तिने पोस्ट आणि खालच्या कमेंट वाचून दाखवल्या.

“पेपर तू दिन्हा ना? मंग त्यानं नाव काबर शे?”

“आई, साहेबाचं नाव घालायची पद्धत असते. नम्रपणा.”

“नम्रपणा शे का भ्याव शे?”

संघमित्राला राग आला, आईचा नव्हे, स्वतःच्याच भित्रेपणाचा. तिने पोस्ट दुरुस्त केली, ‘वर्षभर अभ्यास करून ही परीक्षा पास झाले. पाळी बदलून देणाऱ्या दिपमालाचे आभार.’ पण पोस्ट बदलल्याचं मॅडमना कोण कळवणार? म्हणून त्यांच्या कमेंटखालीच तिने उत्तर दिलं, ‘मॅडम, सरांनी शिकवल्याचं मी चुकीचं लिहिलं होतं. अभ्यास माझा मी केला. धुळ्याच्या कामासाठी माझाही विचार व्हावा.’ पाठवलं आणि मोबाइल पालथा ठेवला. नोकरीच गेली तर?

सकाळी हितेंद्र सर तिच्या टेबलाशी आले. चेहरा लालबुंद.

“सगळ्यांसमोर माझं नाव खोडलंस? मॅडमचा फोन आला होता मला. विचारत होत्या, मी तुला नेमकं काय शिकवलं.”

“मग काय सांगितलंत, सर?”

सर तिच्या टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागले. बाजूच्या टेबलावरची दिपमालाही काम थांबवून उत्तराची वाट बघत राहिली.