मुक्या कर्ण्याची जप्ती

मी कर्णा बोलतोय. लोक मला भोंगा म्हणतात, आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. करू देत. गावातल्या प्रत्येक भांडणात माझं नाव आधी येतं. बटण कोणी फिरवलं, हे विचारायचं सगळे विसरतात. म्हणून आज माझी बाजू मीच मांडतो.

अॅल्युमिनिअमच्या पत्र्यातून मला घडवलं. लेथवर गरगर फिरवून पत्रा फुलासारखा उमलवला, मागे ड्रायव्हर युनिट बसवलं. त्यात एक पातळ पडदा आणि तारेचं छोटं वेटोळं आहे. तार थरथरली की पडदा थरथरतो, आणि माझं तोंड तो आवाज दूरवर फेकतं. एवढंच माझं काम. शब्द माझे नसतात. मी प्रार्थना करत नाही, घोषणा देत नाही, शिवीही देत नाही. समोरचा बोलतो ते मोठं करतो.

पहिली सात वर्षं बसस्थानकावर गेली. दिवसभर गाड्या सुटल्याची सूचना देत होतो. कोणी कधी तक्रार केली नाही. मग तिथे नवी यंत्रणा आली आणि मी भंगाराच्या ढिगात पडलो. तिथून मला आवाजाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं उचललं. पडदा बदलला, गंज खरवडला आणि आपल्या वस्तीतल्या प्रार्थनाघराच्या गच्चीवर मला चढवलं.

वस्ती लहान. बावीस घरं. त्यांचा धर्म त्या शहरात थोडक्या लोकांचा. प्रार्थनाघराची सगळी व्यवस्था मिस्त्रीची थोरली बहीण बघायची. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत फिरणारी. तिला लहानथोर सगळे आत्या म्हणत.

पहाटे पाचची प्रार्थना माझ्यातून जायची. खरं सांगतो, मला फार अभिमान वाटायचा. तीन गल्ल्या पलीकडे माझा आवाज पोचायचा.

महिनाभरानं समोरच्या घरातला बसचालक आला. दुसऱ्या धर्माचा. डोळे तारवटलेले.

"आत्या, माझी पाळी रात्री एकला संपते. झोप लागेपर्यंत दोन वाजतात. पाचला तुमचा भोंगा खिडकीत येऊन उभा राहतो. आणि पाळीभर पन्नास माणसं माझ्या मागे बसलेली असतात."

मिस्त्री भडकला. "यांच्या मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा हलतात, तेव्हा आम्ही बोलतो का?"

"ती वेगळी गोष्ट आहे," बसचालक म्हणाला. "तिथेही मी सांगून आलोय. त्यांनी मला हाकललं."

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या बसचालकाच्या खोलीत जाऊन बसली. प्रार्थना सुरू झाली तशी त्याच्या टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं. परत येऊन तिनं मिस्त्रीला सांगितलं, "खाली उतरव याला."

"अगं, हा आपल्या श्रद्धेचा प्रश्न आहे."

"श्रद्धेत भोंगा कुठे आला? आपल्या आजोबांच्या वेळी वीजही नव्हती. ते काय कमी धार्मिक होते? ज्याला ऐकायचं नाही त्याच्या उशाशी जाऊन ऐकवणं, याला प्रार्थना म्हणत नाहीत."

मला उतरवलं. मी दुखावलो, कबूल करतो. पण ती चुकली होती, असं आजही म्हणवत नाही. पहाटेची प्रार्थना पुन्हा नुसत्या गळ्यानं होऊ लागली. मला फक्त वर्षातून एकदा निघणाऱ्या मिरवणुकीसाठी राखून ठेवलं.

ही मिरवणूक बाजारातल्या मुख्य रस्त्यानं जायची. चाळीस वर्षं तोच मार्ग. दीडशे माणसं, एक हातगाडी, तिच्यावर मी. आत्या पंधरा दिवस आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्यायची. मार्गाचा हातानं काढलेला नकाशा, निघण्याची आणि संपण्याची वेळ, माणसांचा अंदाज, कर्णे किती, जबाबदार व्यक्ती कोण, सगळं लिहून. अटींसह परवानगी यायची.

त्या वर्षी नकार आला. कागदावर लिहिलं होतं: काही नागरिकांनी लेखी हरकत घेतली आहे, मुख्य रस्त्यावर तणावाची शक्यता आहे, मिरवणूक मागच्या गल्लीतून काढावी आणि ध्वनिक्षेपक वापरू नये.

मागची गल्ली म्हणजे कचऱ्याच्या पेट्यांची गल्ली. आणि तीनच आठवड्यांपूर्वी मोठ्या समाजाची मिरवणूक त्याच मुख्य रस्त्यानं गेली होती. दोन ट्रक, त्यांवर माणसापेक्षा उंच आवाजाच्या भिंती. इस्पितळासमोर त्या अर्धा तास उभ्या होत्या.

आत्या ठाण्यात गेली. मिस्त्रीही बरोबर होता आणि दुकानात दुरुस्तीला न्यायचा म्हणून मी त्याच्या काखेत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"साहेब, दंगा करू असं कोण म्हणतंय? आम्ही?"

"तुम्ही नाही हो. ते हरकत घेणारे."

"म्हणजे धमकी त्यांनी द्यायची आणि रस्ता आम्ही बदलायचा?"

अधिकारी वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. "आत्या, माझ्याकडे बावीस शिपाई आहेत. तिकडे पाच हजार लोक असतात. त्यांना अडवू शकत नाही, म्हणून तुम्हाला विनंती करतोय."

"विनंती तोंडी असते. हा हुकूम आहे," ती म्हणाली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मिरवणुकीचा दिवस आला. आत्यानं सगळ्यांना बजावलं: चार-चार जणांच्या रांगा, रस्त्याच्या डाव्या कडेनं, उजवी बाजू वाहनांना मोकळी, घोषणा नाहीत, वाद्य नाही. मला हातगाडीवर ठेवलं, पण अॅम्प्लिफायर घरीच. माझ्या तारेची दोन टोकं उघडी लोंबत होती.

"मग याला न्यायचं कशाला?" मिस्त्रीनं विचारलं.

"दरवर्षी आलाय. आजही येईल. बोलणार नाही, एवढंच."

आम्ही मुख्य रस्त्यानं निघालो. मनाई मोडून निघालो, हे आत्याला माहीत होतं आणि ते तिनं कधी नाकारलं नाही. चौकात पोलिसांनी अडवलं. आत्याचं नाव लिहून घेतलं आणि मला जप्त केलं. जागेवरच पंचनामा झाला. दोन पंचांच्या सह्या. त्यात लिहिलं: विनापरवाना ध्वनिक्षेपकाचा मोठ्या आवाजात वापर.

मी मुका होतो. मिरवणुकीत पहिल्यांदाच मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता आणि त्याच दिवशी मोठ्या आवाजाचा गुन्हा माझ्या माथी बसला. गळ्यात दोऱ्यानं चिठ्ठी बांधली, गाठीवर लाख लावून शिक्का उठवला, आणि मुद्देमालाच्या खोलीत मोडक्या सायकलींवर मला फेकलं. माझ्या कडेला पडलेला पोचा तिथलाच.

आत्यानं कोर्टात याचिका केली. तिच्या जुन्या विद्यार्थिनीनं, आता वकील झालेल्या बाईनं, ती लिहिली. मागण्या दोन: नकाराचा हुकूम रद्द करा आणि जप्त वस्तू परत द्या. सुनावणीला मलाही नेलं. शिक्क्यासकट मेजावर बसलो.

सरकारी वकील म्हणाले, "रस्ता वाहतुकीसाठी असतो. धर्माचं स्वातंत्र्य म्हणजे रस्ता अडवण्याचा हक्क नव्हे."

"बरोबर," आमची वकीलबाई म्हणाली. "वेळ ठरवा, मार्गाची बाजू ठरवा, आवाज ठरवा. आमची ना नाही. पण अट सगळ्यांना एकच हवी. नकाराच्या तीन आठवडे आधी ज्या रस्त्यावर दोन ट्रक मावले, तिथे एक हातगाडी का मावत नाही, हे हुकुमात लिहिलेलं नाही."

न्यायाधीश बाईंनी पंचनामा उचलला. "आवाज किती मोजला?"

अधिकारी उभा राहिला. "मोठा होता, असं पंचांनी सांगितलं."

"मोठा म्हणजे किती डेसिबल? मीटर कुठला? कर्ण्यापासून किती अंतरावर? आधी आजूबाजूचा आवाज मोजला होता का?"

"मीटर नेलं नव्हतं."

मग एक प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं. ते बसचालकाचं होतं. आत्यानं ते मागितलेलं नव्हतं. त्यानं आपण होऊन दिलं होतं. त्या दिवशी त्याची बस मिरवणुकीच्या मागेच होती. कर्ण्याची तार सुटी लोंबत होती, आवाज नव्हता, उजवी बाजू मोकळी होती आणि चार मिनिटांत बस पुढे निघाली. शेवटी त्यानं लिहिलं होतं: याच कर्ण्याविरुद्ध मी पूर्वी तक्रार केली होती. तेव्हा तो वाजत होता.

न्यायाधीश बाईंनी त्याला उभं केलं. "तुमच्या समाजातले लोक तुमच्यावर नाराज नाहीत?"

"आहेत," तो म्हणाला. "पण मी पाहिलं ते पाहिलं."

मला वाटलं, आत्ता तार जोडलेली असती तर त्याचं हे वाक्य मी तीन गल्ल्या पलीकडे पोचवलं असतं.

निकाल महिन्यानं आला. रस्ता सगळ्यांचा आहे. दुसऱ्याच्या धमकीवरून शांत माणसाचा मार्ग बदलता येत नाही. धमकी देणाऱ्याला आवरणं हे पोलिसांचं काम. त्याच निकालात पुढे हेही होतं: कर्णा हा कुठल्याही धर्माचा गाभा नाही, ऐकायचं नसलेल्याला जबरदस्तीनं ऐकवण्याचा हक्क कोणालाच नाही. इस्पितळाच्या शंभर मीटरांत आवाज बंद. इतरत्र मर्यादा एकच, आणि ती मीटरनं मोजायची. मनाई मोडल्याबद्दल आत्याला समज दिली. आत्यानं मान हलवली. मला परत दिलं.

पुढच्या वर्षी आम्ही मुख्य रस्त्यानं गेलो, या वेळी तार जोडून. अधिकारी स्वतः मीटर घेऊन आला. आधी मीटरला ठरलेला सूर काढणारी छोटी नळी लावून ते तपासलं, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून टोकावर स्पंजची टोपी चढवली, भिंतीपासून लांब उभं राहून आधी रस्त्याचा आवाज टिपला, मग माझा. आकडा मर्यादेच्या दोन डेसिबल खाली होता. इस्पितळ आल्यावर मिस्त्रीनं मला बंद केलं. दीडशे माणसं नुसत्या पावलांच्या आवाजानं पुढे गेली. आतली एक परिचारिका खिडकीत येऊन आम्ही वळेपर्यंत उभी होती.

त्या वर्षी मोठ्या समाजाच्या मिरवणुकीची तिथी आमच्यानंतर आठवड्यानं आली, आणि तिचे ट्रक निघाले. त्यांचा आकडा मर्यादेच्या एकवीस वर. अधिकाऱ्यानं वही उघडली. ट्रकचालक वरून ओरडला, "साहेब, आमचं लिहिणार?"

"सगळ्यांचं लिहितो," तो म्हणाला, आणि लिहिलं. मग इस्पितळाच्या कोपऱ्यावर बावीस शिपाई आडवे उभे केले. बराच वेळ आरडाओरडा झाला. शेवटी भिंती बंद झाल्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

त्या रात्री बसचालकाच्या दाराला कोणी तरी काळं फासलं. सकाळी आत्या बादली आणि फडका घेऊन त्याच्या दारात हजर होती. तो म्हणाला, "राहू द्या." ती म्हणाली, "तू धर बादली."

आता मी प्रार्थनाघराच्या आतल्या भिंतीवर आहे, तोंड आतल्या बाजूला. मिस्त्रीनं आवाजाच्या बटणाला खूण करून ठेवली आहे. तिच्या पुढे ते फिरत नाही. चाळीस म्हाताऱ्या कानांपर्यंत पोचतो, बाहेर गल्लीत नाही. यात मला कमीपणा वाटत नाही.

मात्र मला लाजायला सांगू नका. मला मोजायचं तर मोजा, बंद करायचं तर करा, इस्पितळासमोर मी एक शब्द काढणार नाही. पण हातात मीटर घेऊन या, आणि माझ्याकडून निघालात की तेच मीटर घेऊन पुढच्या चौकातही जा. तिथे गेला नाहीत, तर मिरवणुकीच्या दिवशी हातगाडी पुन्हा निघेल आणि तिच्यावर मी असेन. वाजत असेन किंवा नसेन, पण मुख्य रस्त्यावर असेन.