तोंडात अडकलेलं मेडे

थोरल्या जावयाला धाकटा जावई डोळ्यांसमोर नको असायचा. कारण विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं, आणि सांगता आलं असतं तरी लाज वाटली असती. धाकटा बिचारा वाईट नव्हता. वाईट असता तर किती बरं झालं असतं, माणसाला मोकळेपणाने शिव्या तरी देता आल्या असत्या.

दोघंही समुद्रावरचेच. थोरल्याची स्वतःची मालवाहू बोट होती. बेटांवर सिमेंट, गॅसच्या टाक्या, बटाट्याची पोती, असलं काय काय पोचवायची. धाकटा बचाव बोटीचा कप्तान. थोरला घाम गाळून बटाटे पोचवायचा आणि धाकटा नारिंगी जाकीट घालून माणसं वाचवायचा. सासऱ्यांच्या बैठकीत भिंतीवर धाकट्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण चौकटीत लावलेलं होतं. बटाट्यांचं कात्रण कोण छापतो? दर वेळी तिथे बसलं की थोरल्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. बायको म्हणायची, "अहो, त्याच्याकडे पाठ करून बसत जा ना." तो तसा बसायचाही. पण मग ते कात्रण पाठीला टोचायचं.

सासरे निवृत्त दीपगृहरक्षक होते. बोलणं मोजकं, पण जे बोलतील ते ठाम. दोन्ही जावयांना रेडिओवरचे शिष्टाचार त्यांनीच पहिल्यांदा समजावले होते. "पॅन-पॅन म्हणजे, माझ्याकडे लक्ष असू द्या, मी अडचणीत आहे, पण जीव लगेच जात नाही. मेडे म्हणजे, बोट किंवा माणूस आत्ता जातोय, हातातलं सगळं टाकून या. मेडे ऐकल्यावर बाकीच्यांनी बडबड थांबवायची आणि ज्याला जमेल त्याने धावायचं. उगीच मेडे म्हणणं हा गुन्हा आहे. आणि म्हणायचं तेव्हा न म्हणणं हा मूर्खपणा."

असे हे सासरे त्या सकाळी स्वतःहून थोरल्याच्या बोटीवर आले. "बऱ्याच दिवसांत समुद्र पाहिला नाही, न्याल का?" म्हणाले. थोरल्याच्या छातीत काय झालं म्हणून सांगू! त्याने खालच्या केबिनमधलं बाक स्वतः पुसलं, उशी ठेवली, इंजिन सांभाळणाऱ्या मिस्त्रीला नवा शर्ट घालायला लावला. धाकट्याच्या बोटीवर नाही, आपल्या बोटीवर आले. जाता जाता धक्क्यावरच्या दोघांना त्याने हे मुद्दाम ऐकवलंही.

अर्धी वाट झाली आणि पाण्यात तरंगणारा जाड दोर बोटीच्या पंख्यात गुंडाळला गेला. बोटीला जोराचा हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं. थोरल्याने नांगर टाकला, सगळ्यांना लाइफजॅकेट घालायला लावली आणि रेडिओचा माईक उचलला. सोळा नंबरचा चॅनेल. त्या चॅनेलवर सगळ्यांचे कान असतात.

"पॅन-पॅन, पॅन-पॅन, पॅन-पॅन." मग सगळ्या स्टेशनांना हाक, बोटीचं नाव तीनदा, जागा, पंख्यात दोर अडकून इंजिन बंद, नांगर धरून आहे, तिघं बोटीवर, ओढून न्यायला कुणीतरी हवं. अगदी पाठ केल्यासारखं, न अडखळता. आणि त्या घडीला ते शंभर टक्के बरोबर होतं.

किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रातल्या बाईंनी पोच दिली. "पॅन-पॅन मिळालं. तुम्हाला तातडीचा धोका आहे का?"

"नाही. धोका नाही."

"बचाव बोट एक शिडाची नाव ओढत बंदराकडे चाललीय. ती सोडली की तुमच्याकडे पाठवते. पाणी शिरायला लागलं, नांगर सुटला, काहीही बदललं तर लगेच कळवा."

बचाव बोट म्हणजे धाकटा. यायचाच होता तो. थोरल्याने ओठ चावला. पण ठीक आहे, आपण बोलावलं नाही, बाईंनी पाठवलं. नुसतं ओढून न्यायला येतोय, वाचवायला नाही. यात जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि थोरल्याने तो मनाशी तीन-चार वेळा घोकला.

तेवढ्यात मिस्त्री इंजिनघरातून वर आला. हात कोपरापर्यंत ओले. "साहेब, हिसक्याने पंख्याच्या शाफ्टभोवती पाणी अडवणारं पॅकिंग गेलंय. पाणी येतंय आत."

"पंप?"

"चालू केलाय. पण पाणी जास्त आहे, पंप कमी पडतोय."

खरं तर आता बोलायला हवं होतं. हेच ते 'काहीही बदललं तर'. बाईंनी सांगितलं होतं, सासऱ्यांनी शिकवलं होतं, थोरल्याला स्वतःला झोपेतही पाठ होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे दुसरंच उभं राहिलं. धाकटा नारिंगी जाकिटात येतोय, सासऱ्यांना हाताला धरून आपल्या बोटीवर घेतोय, आणि भिंतीवर दुसरी चौकट लागतेय. खाली मजकूर: जावयाने सासऱ्यांना वाचवलं. म्हणजे कुठल्या जावयाने? सगळं गाव विचारणार नाही, सगळ्या गावाला माहीतच असणार. आणि त्यांना बुडवत कोण होतं, तेही.

"पंपाकडे लक्ष दे," तो मिस्त्रीला म्हणाला. "आवरेल."

रेडिओवर धाकट्याचा आवाज आला. मागे वारा, दोराची करकर. "दादा, मी ऐकलं. पाणीबिणी शिरत नाहीये ना? पंख्यात दोर गेला की पॅकिंग जातं कधीकधी. तसं असेल तर ही शिडाची नाव नांगरून मी आत्ता निघतो. नावेवरच्या माणसांना काही धोका नाही."

इतकं नेमकं विचारायची काय गरज होती? सगळा चॅनेल ऐकतोय, प्रत्येक मच्छीमार, जहाजं ओढणारा प्रत्येक टगवाला, आणि हा शहाणा त्यांच्यासमोर आपल्याला आपली बोट शिकवतोय. थोरल्याची कानशिलं तापली.

"पाणी नाही," तो म्हणाला. "तुझं काम आटप सावकाश."

मग लांबून जाणाऱ्या एका मोठ्या जहाजाने विचारलं, मदत हवीय का, आम्ही वळू शकतो. थोरल्याने आभार मानले. गरज नाही म्हणाला. जहाज आपल्या वाटेने गेलं. पॅन-पॅन होतं, जाणारच. एक शब्द वेगळा असता तर ते जहाज वळलंच असतं, विचारत बसलं नसतं.

थोरला चाकाजवळ उभा राहून पंपाचा आवाज ऐकत राहिला. आवाज चालू होता तोवर त्याला वाटत होतं की आपण जिंकतोय. कोणाशी चाललीय ही स्पर्धा, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. खालून सासरे एकदाही काही बोलले नाहीत, हे त्याला बरंच वाटलं.

मिस्त्री पुन्हा वर आला तेव्हा त्याचा नवा शर्ट काळा झाला होता. "पंप बसला. बॅटरीला पाणी लागायला चार बोटं राहिलीत. बॅटरी गेली की रेडिओ गेला. हातातला छोटा सेट इथून किनाऱ्यापर्यंत पोचत नाही. मग तुम्हाला म्हणायचं असलं तरी म्हणता येणार नाही, साहेब."

बोटीचं नाक वर आणि ढुंगण खाली झालेलं आता आंधळ्यालाही कळलं असतं. थोरल्याने रेडिओवरच्या लाल संकट-बटणाचं झाकण उचललं, बटण दाबून धरलं, आणि माईक तोंडाशी नेला.

"मेडे, मेडे, मेडे." बोटीचं नाव तीनदा. मग पुन्हा मेडे आणि नाव. जागा. "इंजिनघरात पाणी भरलंय, बोट बुडतेय, ताबडतोब मदत हवी. तिघं आहोत. बोट सोडायच्या तयारीत आहोत." शब्द एकदाचा बाहेर पडला.

क्षणात चॅनेल चिडीचूप झाला. बाईंचा आवाज तेवढा उरला. मेडे मिळालं, असं त्या म्हणाल्या, आणि बाकी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. मग त्या मोठ्या जहाजाने वळत असल्याचं कळवलं. धाकट्याने एकच वाक्य म्हटलं. शिडाची नाव सोडली, येतोय.

तो आला तेव्हा तिघं तराफ्यात होते आणि बोटीचं फक्त नाक पाण्यावर होतं. सासऱ्यांना त्यानेच हाताला धरून वर घेतलं, अगदी थोरल्याने पाहून ठेवलं होतं तसं. बोट गेली. एक मोठा बुडबुडा आला, मग थोडे बटाटे वर आले.

बचाव केंद्राच्या खोलीत तिघांना घोंगड्या आणि चहा मिळाला. रेडिओवरच्या बाई स्वतः आल्या. त्या थोरल्याला म्हणाल्या, "एवढंच विचारायचंय. पाणी कधी यायला लागलं? रेडिओवर विचारलं तेव्हा तुम्ही पाणी नाही म्हणालात."

थोरल्याने तोंड उघडण्याआधी धाकटा बोलला. "तेव्हा नव्हतंच. पॅन-पॅनच बरोबर होतं. पाणी आलं तसं दादांनी मेडे दिलं. पॅकिंग एकदम जातं, बाई."

तो खोटं बोलत होता. एवढी बोट भरायला किती वेळ लागतो हे त्याला थोरल्याइतकंच कळत होतं. आपली इज्जत राखत होता तो, सहज, चहाचा घोट घेता घेता. जीव वाचवला तेवढा पुरे नव्हता? आता लाजही यानेच वाचवायची? आयुष्यभर या उपकाराखाली, त्या भिंतीसमोर चहा प्यायचा?

"खोटं आहे," थोरला म्हणाला. "पाणी पहिल्यापासून येत होतं. याने विचारलं तेव्हाही येत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. हा वाचवायला येऊ नये म्हणून."

खरं बोलताना माणसाला हलकं वाटतं म्हणतात. थोरल्याला तसलं काही वाटलं नाही. धाकट्याच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतल्याचं समाधान तेवढं वाटलं. बाईंनी मान हलवली, उद्या सविस्तर बोलू म्हणाल्या आणि गेल्या. मिस्त्री चहाच्या कपात बघत बसला.

सासऱ्यांनी घोंगडी नीट केली. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुम्ही यांना पाणी नाही म्हणालात, तेव्हाच माझे मोजे भिजले होते. मग पाय बाकावर घेतले."

थोरल्याच्या हातातला कप थांबला. "मग तुम्ही बोलला का नाहीत, बाबा?"

"बोट तुमची. कप्तान तुम्ही. मला वाटलं, मला दिसत नाही असं काहीतरी तुम्ही बघितलं असेल."

धाकटा हसला, पण हसू अर्धंच आलं. "माझ्या बोटीवर तर दोर कसा गुंडाळायचा तेही सांगता बाबा तुम्ही. लोकांसमोर."

"तुम्हाला सांगावं लागतं," सासरे म्हणाले. "यांना कधी लागलं नाही."

धाकट्याने मान खाली घातली. त्याच्या गालावरची शीर हलली, आणि थोरल्याने ती ओळखली, आरशात रोज बघितल्यासारखी. हे बघायला त्याने वर्षं घालवली होती. आता समोर होतं आणि त्याला ते नको होतं. त्याच्या डोळ्यांपुढे बाकावर पाय घेऊन मुकाट बसलेला म्हातारा होता, चढणाऱ्या पाण्याकडे बघत, जावयावर विश्वास ठेवून.

"बाबा," तो म्हणाला.

"असू दे," सासरे म्हणाले. चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला. "यापुढे तुम्हालाही सांगत जाईन."